एकच गोळी : कुणाला रोज एक, कुणाला रोज सहा

एआरटी केंद्रातून औषध घेणाऱ्या अनेकांच्या पिशवीत एक मोठी पांढरी गोळी असते. तिचे नाव को-ट्रायमॉक्साझोल. जुन्या मंडळींना ती ‘सेप्ट्रान’ या नावाने आठवत असेल. पूर्वी घसा बसला, जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की दवाखान्यात हीच गोळी मिळायची. त्यामुळे घरात कुणी म्हणते, “एवढी साधी गोळी रोज कशाला गिळायची? खोकला नाही, ताप नाही, सोडून दे.” आणि पेशंट सोडून देतो.

ही गोळी एका विशिष्ट न्यूमोनियापासून वाचवण्यासाठी दिलेली असते. तोच न्यूमोनिया झाला, तर हीच गोळी रोज एकाऐवजी सहा घ्यावी लागते. आजार जास्त असेल तर सोबत स्टेरॉइडही द्यावे लागते. एक गोळी कुठे पुरते, सहा कुठे लागतात आणि स्टेरॉइड कधी जीव वाचवते, हे या वेळच्या आरोग्य पानात आम्ही सविस्तर सांगत आहोत. या आजारात उशीर झाला की माणूस हातचा जातो, आणि उशीर बहुतेक वेळा समजुतीच्या घोटाळ्यामुळे होतो.

हा न्यूमोनिया कशाने होतो?

याचे नाव न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया. डॉक्टर केसपेपरवर थोडक्यात ‘पीसीपी’ लिहितात. तो एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो. ही बुरशी हवेतून श्वासावाटे शरीरात जाते. लहानपणीच बहुतेकांचा तिच्याशी संबंध येऊन गेलेला असतो आणि कुणाला काही कळतही नाही, कारण शरीराची प्रतिकारशक्ती तिला वाढू देत नाही. प्रतिकारशक्ती खूप खाली गेली की मात्र ती फुप्फुसात वाढू लागते. आपल्या फुप्फुसात हवेच्या लहान लहान पिशव्या असतात. त्या पिशव्यांतून प्राणवायू रक्तात जातो. ही बुरशी त्या पिशव्या फेसासारख्या चिकट द्रवाने भरून टाकते. माणूस श्वास घेतो, पण प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अनाथाश्रमांत कुपोषित आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हा न्यूमोनिया दिसला होता. पुढे १९८१ साली ५ जून रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य पत्रकात एक छोटी नोंद आली. लॉस एंजेलिसमधील पाच तरुण, आधी धडधाकट असलेले पुरुष या न्यूमोनियाने आजारी पडले होते. त्यांपैकी दोघे नोंद छापून येईपर्यंत दगावले होते. धडधाकट तरुणाला हा आजार होतोच कसा, या प्रश्नातूनच जगाला एड्स या आजाराची पहिली चाहूल लागली.

घरच्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पेशंटच्या ताटात जेवल्याने, त्याचे कपडे धुतल्याने किंवा त्याच्या शेजारी बसल्याने निरोगी माणसाला हा न्यूमोनिया होत नाही. त्याची भांडी वेगळी करण्याचे काही कारण नाही. काळजी एवढीच घ्यायची की, ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे असा दुसरा पेशंट याच खोलीत झोपू नये.

टीबीसारखा वाटतो, पण वागतो वेगळा

आपल्या वस्त्यांत महिनाभर खोकला आणि वजन घटणे म्हटले की सगळ्यांच्या मनात आधी टीबी येतो, आणि ते बरोबरच आहे. थुंकीची तपासणी व्हायलाच हवी. पण या न्यूमोनियाच्या काही खुणा वेगळ्या आहेत.

खोकला कोरडा असतो, बेडका फारसा पडत नाही. थुंकीत रक्त सहसा नसते. ताप असतो, पण मुख्य तक्रार दम लागण्याची असते. सुरुवातीला जिना चढताना दम लागतो, मग नळावरून हंडा आणताना, मग संडासला जाऊन येताना, आणि शेवटी बोलतानासुद्धा. एचआयव्ही असलेल्या माणसात हे दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढत जाते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तर आवाज अनेकदा जवळपास स्वच्छ ऐकू येतो. म्हणून ‘छातीत काही नाही’ असे ऐकून पेशंट घरी परततो.

इथे बोटाला लावायचे ऑक्सिमीटर फार उपयोगी पडते. करोनाच्या काळापासून ते अनेकांना माहीत झाले आहे. पेशंट बसलेला असताना आकडा पाहायचा. मग त्याला सपाटीवर दोन-तीन मिनिटे चालवायचे आणि पुन्हा पाहायचा. बसल्यावर ९४-९५ असलेला आकडा चालल्यावर झपाट्याने घसरला, तर फुप्फुसात काही तरी गंभीर चालले आहे हे समजावे. मात्र पेशंटला बसल्या जागीच दम लागत असेल किंवा बसलेला असतानाच आकडा कमी असेल, तर चालवून पाहायचे नाही. त्याला सरळ रुग्णालयात न्यायचे.

आणखी एक खूण तोंडात सापडते. जिभेवर आणि गालाच्या आत दह्यासारखे पांढरे थर बसलेले असतील, तर प्रतिकारशक्ती फार खाली गेल्याची ती निशाणी असू शकते. कोरडा खोकला, वाढता दम आणि तोंडातला पांढरा थर हे तीन एकत्र दिसले, तर एचआयव्हीची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

एक उदाहरण पाहू

पुढील उदाहरण कुणा एका माणसाचे नाही. अशा पेशंटच्या बाबतीत साधारणपणे जे घडते, ते समजावे म्हणून आम्ही ते जुळवले आहे.

वय ३६ वर्षे, इमारतींना रंग देणारा कारागीर, वजन ४८ किलो. दोन महिन्यांपूर्वी ते ५५ होते. तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला आहे. गल्लीतल्या दवाखान्यात दोन वेळा इंजेक्शन आणि खोकल्याचे औषध झाले. बरे वाटेना म्हणून त्याने स्वतःच ठरवले की रंगाच्या वासाने छाती भरली असेल. आता पहिल्या मजल्यावर चढतानाही मधे बसावे लागते. बायको त्याला सरकारी रुग्णालयात घेऊन येते.

तिथे बसलेला असताना ऑक्सिमीटरचा आकडा ९० येतो. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना मध्यभागापासून पसरलेला धुरकट पडदा दिसतो. थुंकीची टीबीसाठीची तपासणी निगेटिव्ह येते. जिभेवर पांढरा थर आहे. समुपदेशन करून एचआयव्हीची तपासणी होते, ती पॉझिटिव्ह येते. पुढे सीडी-४ पेशींची मोजणी होते. या पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचे पहारेकरी. निरोगी माणसात त्या साधारण ५०० च्या वर असतात. याच्या ५८ भरतात. २०० च्या खाली गेले की या न्यूमोनियाचा धोका खूप वाढतो.

खात्री करायची तर फुप्फुसाच्या आतला द्रव तपासावा लागतो. खोकला कोरडा असल्याने साध्या थुंकीत बुरशी मिळत नाही. म्हणून पेशंटला तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढतात, किंवा नाकातोंडातून बारीक दुर्बीण घालून फुप्फुस धुऊन ते पाणी तपासतात. ही बुरशी नेहमीच्या प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. म्हणून तिला विशेष रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात किंवा तिच्या जनुकांची तपासणी करतात. ही सोय प्रत्येक ठिकाणी नसते आणि दम लागलेल्या पेशंटला दुर्बीण झेपतेच असे नाही.

म्हणून डॉक्टर रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. लक्षणे जुळली की औषध त्याच दिवशी सुरू करतात. औषध सुरू झाल्यावरही बुरशीचे अवशेष बरेच दिवस फुप्फुसात राहतात, त्यामुळे तपासणी नंतर केली तरी ती वाया जात नाही. “आधी रिपोर्ट, मग औषध” असा आग्रह घरच्यांनी धरू नये.

सहा गोळ्यांचा हिशेब

बुरशी म्हटल्यावर कुणालाही वाटेल की बुरशीचे औषध द्यावे. पण ही बुरशी इतर बुरशींपेक्षा वेगळी आहे. नेहमीची अनेक बुरशीनाशके ज्या घटकावर घाव घालतात, तो घटकच तिच्या कवचात नाही. त्यामुळे तोंडातल्या पांढऱ्या थरासाठी दिलेली फ्लुकोनाझोलची गोळी या न्यूमोनियावर चालत नाही.

को-ट्रायमॉक्साझोल चालते, कारण ते तिची उपासमार करते. या बुरशीला जगायला फॉलिक अॅसिडसारखा एक घटक स्वतः तयार करावा लागतो. माणसाला तो पालेभाज्या आणि डाळींतून मिळतो, बुरशीला तसा मिळत नाही. या गोळीत दोन औषधे आहेत. सल्फामेथॉक्साझोल त्या घटकाच्या तयारीची पहिली पायरी अडवते आणि ट्रायमेथोप्रिम पुढची पायरी अडवते. दोन्हीकडून वाट बंद झाली की बुरशी वाढू शकत नाही.

पण फुप्फुस बुरशीने भरलेले असेल तर नेहमीचा डोस पुरत नाही. मोठा डोस लागतो आणि तो वजनावर ठरतो. हिशेब ट्रायमेथोप्रिमचा करतात. दर किलो वजनामागे दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम. आपल्या कारागिराचे वजन ४८ किलो आहे. १५ ने गुणले तर ७२० आणि २० ने गुणले तर ९६० मिलिग्रॅम होतात. डीएस म्हणजे दुप्पट ताकदीच्या एका गोळीत १६० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असते. म्हणजे दिवसाला साडेचार ते सहा गोळ्या. डॉक्टर त्याला दोन गोळ्या सकाळी, दोन दुपारी, दोन रात्री, म्हणजे साधारण दर आठ तासांनी लिहून देतात. हे २१ दिवस चालते. एकूण १२६ गोळ्या. पेशंटला गिळता येत नसेल किंवा आजार फार असेल तर तेच औषध सुरुवातीला शिरेतून देतात.

गोळी घेताना भांड्यात लहान ताकदीची गोळी नाही ना, हे पाहावे. पाकिटावर ८०० आणि १६० असे आकडे असतील तर ती डीएस. ४०० आणि ८० असतील तर ती निम्म्या ताकदीची. मेडिकलवाल्याने बदलून दिली आणि संख्या तीच ठेवली, तर पेशंटला नकळत अर्धाच डोस जातो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डोस कमी करावा लागतो, म्हणून तो आधीच सांगावा. औषध चालू असताना पाणी भरपूर प्यावे, नाही तर औषधाचे खडे लघवीत जमू शकतात.

चौथ्या दिवशी बरे का वाटत नाही?

इथे बरीच कुटुंबे घाबरतात. औषध सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले तरी दम कमी होत नाही, कधी वाढतोही. “औषध लागू पडेना, दुसरीकडे नेऊ” अशी घाई सुरू होते.

घडते असे की, औषधाने बुरशी मरू लागली की तिचे तुकडे फुप्फुसात पसरतात. शरीर त्यावर तुटून पडते आणि फुप्फुसाला सूज येते. आधीच प्राणवायू कमी, त्यात ही सूज. याच टप्प्यावर अनेक पेशंट पूर्वी दगावत असत. सूज दाबण्यासाठी स्टेरॉइड दिले तर मृत्यू आणि कृत्रिम श्वासाच्या यंत्राची गरज कमी होते, हे एचआयव्ही असलेल्या रुग्णांवरील अभ्यासांतून दिसले आणि १९९० पासून ही पद्धत सर्वत्र आली.

स्टेरॉइड प्रत्येकाला द्यायचे नसते. शुद्धीवर आहे, चालतो आहे, प्राणवायू ठीक आहे, अशा सौम्य आजारात त्याची गरज पडत नाही. साध्या हवेत असताना मनगटाच्या धमनीतून काढलेल्या रक्तात प्राणवायूचा दाब ७० च्या खाली आला, तर आजार मध्यम ते तीव्र समजतात आणि स्टेरॉइड देतात. ही रक्ततपासणी नसेल तिथे ऑक्सिमीटरचा आकडा साधारण ९२ च्या खाली असणे ही खूण धरतात. आपल्या कारागिराचा आकडा ९० होता, म्हणून त्याला ते पहिल्याच दिवशी सुरू होते. उशिरात उशिरा पहिल्या ७२ तासांत ते सुरू झाले पाहिजे, कारण सूज वाढण्याआधी पोहोचले तरच त्याचा खरा उपयोग.

प्रेडनिसोलोनचा ठरलेला क्रम असा आहे. पहिले ५ दिवस ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सहाव्या ते दहाव्या दिवसापर्यंत ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. अकराव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत २० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. मग बंद. म्हणजे स्टेरॉइड आणि मोठा डोस दोन्ही एकाच दिवशी संपतात. हा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावावा, कारण घरी सोडल्यावर सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. कुणी भूक चांगली लागते म्हणून ८० मिलिग्रॅमच चालू ठेवतो, कुणी ‘स्टेरॉइड वाईट’ ऐकून सातव्या दिवशी बंद करतो.

स्टेरॉइड चालू असताना रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून ती तपासत राहावी लागते. टीबी लपलेला असेल तर स्टेरॉइडने तो वर येऊ शकतो. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. म्हणून टीबीची तपासणी नीट झाली आहे ना, हे विचारायला संकोच करू नये.

आता चौथ्या दिवसाच्या प्रश्नाकडे. सुधारणा दिसायला चार ते आठ दिवस लागू शकतात. तोवर डॉक्टरांच्या देखरेखीत थांबावे. आठवडा उलटूनही प्राणवायू सुधारत नसेल, तर डॉक्टर निदान पुन्हा तपासतात किंवा औषध बदलतात. मधेच अचानक छातीत एका बाजूला कळ येऊन दम एकदम वाढला, तर फुप्फुस फाटून बाहेर हवा साचलेली असू शकते. या आजारात ते होते. त्या वेळी एक मिनिटही थांबू नये.

मोठ्या डोसाचा त्रास ओळखावा कसा?

सहा गोळ्यांनी मळमळ होतेच. जेवणानंतर घेतल्याने ती थोडी कमी होते. पण दुसऱ्या आठवड्यात, साधारण आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास, अंगावर पुरळ आणि पुन्हा ताप येऊ शकतो. एचआयव्ही असलेल्यांत हे बऱ्याच जणांना होते. पुरळ साधे असेल, नुसती खाज असेल, तर डॉक्टर त्यावर औषध देऊन गोळ्या चालू ठेवू शकतात. पण तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड आले, कातडी सुटू लागली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. हा प्रकार जीवघेणा असतो.

काही त्रास डोळ्यांना दिसत नाहीत. रक्तातल्या पेशी कमी होतात, यकृताला सूज येते, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून या २१ दिवसांत रक्ताच्या तपासण्या अनेकदा होतात. ‘सारखे रक्त काढतात’ अशी तक्रार आम्ही ऐकतो. ते रक्त याच कारणासाठी काढतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते, म्हणून चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना पिशवीसकट दाखवावीत.

जी-सिक्स-पीडी नावाचा घटक काही लोकांच्या रक्तात जन्मतः कमी असतो. अशा माणसात या औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात. डोळे पिवळे झाले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर लगेच सांगावे. घराण्यात पूर्वी कुणाला एखाद्या गोळीने असे झाले असेल, तर तेही आधीच सांगून ठेवावे. को-ट्रायमॉक्साझोल चालेनासे झाले तर क्लिंडामायसिन आणि प्रायमाक्विन ही जोडी देतात. पण त्यातले प्रायमाक्विन देण्याआधी हीच तपासणी करावी लागते.

एकविसाव्या दिवसानंतर

आपला कारागीर दहाव्या दिवशी ऑक्सिजनशिवाय चालू लागतो. दोन आठवड्यांच्या आत त्याची एआरटीही सुरू होते. न्यूमोनिया पूर्ण संपेपर्यंत ती थांबवून ठेवायची नसते, कारण प्रतिकारशक्ती वर आणणारे औषध तेच आहे. एकविसावा दिवस येतो. मोठा डोस संपतो, स्टेरॉइड संपते. आणि बाविसाव्या दिवसापासून हीच डीएस गोळी रोज एक.

ही एक गोळी किती काम करते, याचा जुना पुरावा आहे. अमेरिकेतील मेम्फिस शहरातील सेंट ज्यूड रुग्णालयात कर्करोगाच्या, मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर एक प्रयोग झाला आणि तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या औषधांनी त्या मुलांची प्रतिकारशक्ती खाली गेली होती. ८० मुलांना हे औषध आणि ८० मुलांना त्यासारखीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली गेली. बिनऔषधाच्या गटातील १७ मुलांना हा न्यूमोनिया झाला. औषध घेणाऱ्या ८० पैकी एकालाही झाला नाही.

रोजच्या एका गोळीने बुरशीला फुप्फुसात वाढायला संधीच मिळत नाही. पेशी फार थोड्या असतील तेव्हा ही गोळी त्यांच्या जागी पहारा देते. पेशी वाढल्या की पहारा उठवता येतो. आपल्याकडील एआरटी केंद्रांत सीडी-४ ३५० च्या खाली असेल किंवा आजार पुढच्या टप्प्यावर गेला असेल तर ही गोळी मोफत देतात. एआरटी नीट चालू असताना सहा महिन्यांच्या अंतराने झालेल्या दोन तपासण्यांत सीडी-४ ३५० च्या वर आले आणि दुसरा गंभीर आजार नसेल, तर डॉक्टर ती बंद करतात. बरे वाटते म्हणून आपण होऊन ती बंद करायची नाही. बंद झाल्यावर एआरटी सुटली आणि पेशी पुन्हा घसरल्या, तर ती पुन्हा सुरू करावी लागते.

एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला हे औषध साधारण सहा आठवड्यांपासून पातळ स्वरूपात देतात. बाळाला एचआयव्ही नाही, अशी पक्की खात्री होईपर्यंत ते चालू ठेवतात. बाळ गुटगुटीत दिसते म्हणून ते थांबवू नये.

सल्फाची अॅलर्जी असेल तर बचावासाठी डॅप्सोन देता येते. तीच कुष्ठरोगात वापरतात. घरात ती गोळी पाहून कुणी भलताच अर्थ काढू नये.

एचआयव्ही नाही, तरीही धोका

हा न्यूमोनिया फक्त एचआयव्हीचा आहे असे समजणे ही मोठी चूक ठरेल. मूत्रपिंड बदललेले लोक, रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेणारी मुले, आणि ल्युपस किंवा पेम्फिगससारख्या आजारांसाठी मोठ्या डोसाचे स्टेरॉइड घेणारे लोक यांनाही तो होतो. जे स्टेरॉइड तीव्र न्यूमोनियात सूज दाबून जीव वाचवते, तेच महिनोन्महिने मोठ्या मात्रेत घेतले की या बुरशीला दार उघडून देते.

समजा, एका ४५ वर्षांच्या बाईंना ल्युपसमुळे मूत्रपिंडाला सूज आहे. रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि सोबत सायक्लोफॉस्फामाइड चालू आहे. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम किंवा जास्त, महिनाभर किंवा जास्त, आणि त्यासोबत प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध, अशी जोडी असेल तर प्रतिबंधक को-ट्रायमॉक्साझोल देण्याचा विचार डॉक्टर करतात. मात्रा कमी असते. निम्म्या ताकदीची एक गोळी रोज, किंवा डीएस गोळी आठवड्यातून तीनदा. ल्युपसमध्ये सल्फा औषधाने पुरळ उठण्याचा आणि आजार भडकण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून डॉक्टर तोलून ठरवतात. पण प्रश्न आपण विचारायला हवा : “डॉक्टर, मला न्यूमोनियापासून बचावाची गोळी लागेल का?”

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी मात्र अत्यंत सावध राहावे. दोन्ही औषधे शरीरातल्या फॉलिक अॅसिडच्या कामात अडथळा आणतात. एकत्र घेतली तर रक्त तयार होणेच थांबू शकते. लघवीच्या जळजळीसाठी मेडिकलमधून आणलेली सेप्ट्रान अशा पेशंटच्या जिवावर बेतू शकते.

एचआयव्ही नसलेल्यांत हा न्यूमोनिया जास्त वेगाने वाढतो. आठवड्यांऐवजी काही दिवसांतच दम टोकाला जातो, आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त असते. अनेकदा स्टेरॉइडचा डोस कमी करत आणत असतानाच तो डोके वर काढतो. उपचार त्याच मोठ्या डोसाने होतो. या रुग्णांत जास्तीचे स्टेरॉइड किती द्यावे, हे एचआयव्हीइतके ठरलेले नाही आणि डॉक्टर पेशंट पाहून ठरवतात.

शेवटी एक गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक घरासाठी. सांधेदुखी आणि दम्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले आढळते. चेहरा गोल होतो, भूक वाढते, दुखणे जादूसारखे पळते. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल आणि आता कोरडा खोकला व दम सुरू झाला असेल, तर ती पुडी सोबत घेऊन रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना दाखवावी. मात्र ती एकदम बंद करू नये. शरीराला स्टेरॉइडची सवय लागलेली असेल तर अचानक थांबवणेही घातक ठरते.

रुग्णालयात जाताना सांगायच्या गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून न्याव्यात : दम किती दिवसांपासून आहे, बसून आणि चालून ऑक्सिमीटरचा आकडा किती, शेवटचा सीडी-४ किती आणि कधीचा, रोजची मोठी पांढरी गोळी चालू आहे की सोडली, सोडली तर केव्हा, स्टेरॉइड कोणते आणि किती दिवस, सल्फाने पूर्वी पुरळ आले होते का. एचआयव्हीबद्दल मोफत आणि गुप्त माहितीसाठी १०९७ हा सरकारी क्रमांक आहे. पेशंटने गोळी सोडली असेल तर ते लपवू नये. हा न्यूमोनिया असण्याची शंका डॉक्टरांना लवकर यावी, यासाठी चिठ्ठीतली तीच ओळ सर्वांत उपयोगाची ठरते.